तीस मिलीची बाटली कुरिअरने निघते तेव्हा

घरगुती पातळीवर चेहऱ्याचं तेल किंवा सीरम बनवणारे लोक बाटली निवडताना आधी तिचा रंग आणि आकार बघतात. गिऱ्हाईकही फोटोत तेच बघतं, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण पहिल्या शंभर-दोनशे ऑर्डरी गेल्यावर तक्रारी येऊ लागतात, त्या आकाराच्या नसतात. खोकं उघडलं तर आतलं कार्टन तेलकट झालेलं असतं, लेबलची शाई पसरलेली असते आणि बाटलीत दोन-तीन मिली तेल कमी असतं. काच कुठेही तडकलेली नसते. तेल निसटलेलं असतं झाकण आणि बाटलीचं तोंड जिथे भेटतात तिथून, म्हणजे मिलिमीटरभर रुंदीच्या त्या गोल कडेवरून. लहान ब्रँडच्या पॅकेजिंगचा खर्च, मालाचं आयुष्य आणि खोकं उघडतानाचा आनंद या तिन्ही गोष्टी त्या कडेशी बांधलेल्या आहेत. म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

उदाहरण म्हणून एकच वस्तू घेऊ. समजा, साताऱ्यात कोणी तीस मिलीचं चेहऱ्याचं तेल विकतं आहे. त्यात बदामाचं तेल, जोजोबा, गुलाबफळाच्या बियांचं म्हणजे रोझहिपचं तेल, थोडं व्हिटॅमिन ई आणि वासापुरतं लव्हेंडर आहे. पाणी अजिबात नाही. बाटली तपकिरी काचेची आणि तोंडाला काळा ड्रॉपर. महिन्याला तीन-चारशे बाटल्या कुरिअरने नागपूरपासून बंगळुरूपर्यंत जातात. सगळीकडे दिसणारी ही मांडणी आहे, आणि गळतीच्या बाबतीत ती सगळ्यात अवघडही आहे.

ड्रॉपरमध्ये तीन सांधे असतात. काचेची नळी रबरी फुग्यात खोचलेली असते, तो पहिला. फुगा प्लास्टिकच्या आटेवाल्या कॉलरमधून वर आलेला असतो, तो दुसरा. फुग्याच्या बुडाशी रबराची चपटी कडा असते आणि ती बाटलीच्या तोंडावर दाबून बसते, तो तिसरा. साध्या झाकणात मऊ वॅड असते, तिचं काम इथे ही रबरी कडाच करते. बाटली कपाटात उभी असते तोवर तेल या सांध्यांपर्यंत पोचत नाही. कुरिअरच्या पोत्यात मात्र बाटली आडवी पडते, उलटी होते. तेल नळीतून फुग्यात शिरतं आणि चार-पाच दिवस रबराला लागून राहतं. फुगा नैसर्गिक रबराचा असेल तर तो तेल पितो, सुजतो आणि मऊ पडतो. मऊ पडलेली कडा झाकणाच्या दाबाखाली पसरते आणि पकड सैल होते. तेलासाठी नायट्राइल रबराचा फुगा यापेक्षा बराच टिकतो. दुकानात दोन्ही काळेच दिसतात, त्यामुळे विक्रेत्याला रबर कुठलं ते विचारायचं आणि तरीही स्वतः तपासायचं. एक फुगा अचूक काट्यावर तोलावा, आपल्याच तेलात आठवडाभर बुडवून ठेवावा, मग पुसून पुन्हा तोलावा. वजन ठळकपणे वाढलं असेल, किंवा दाबल्यावर फुगा पहिल्यासारखा उसळत नसेल, तर तो आपल्या कामाचा नाही.

दुसरी अडचण मापाची. बाटलीच्या तोंडाचं माप १८/४१५, २०/४००, २४/४१० असं सांगतात. पहिला आकडा आट्यांचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यावरून आट्यांची ठेवण कळते: ४०० म्हणजे साधारण एक फेरा, ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. मुंबईत मस्जिद बंदरला किंवा पुण्यात बोहरी आळीत हमखास ऐकू येतं, “१८ चा नेक आहे ना, मग १८ चं कुठलंही झाकण बसेल.” बसतं, फिरतंही, पण घट्ट होतंच असं नाही. आटे जुळले नाहीत तर झाकण तोंडावर दाब देण्याआधीच अडकतं. काही वेळा कॉलरची खालची कडा बाटलीच्या खांद्यावर टेकते आणि हाताला वाटतं की झाकण पूर्ण लागलं. आत रबर तोंडाला नुसतं स्पर्श करत असतं.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडाच्या कडेवर लिपस्टिकचा पातळ थर फिरवायचा, ड्रॉपर नेहमीच्या जोराने लावायचा आणि सरळ उघडून रबरी कडा बघायची. पूर्ण, सलग, सारख्या जाडीचं वर्तुळ उमटलं असेल तर सांधा जुळला आहे. एका बाजूला ठसा फिका असेल किंवा तुटला असेल तर तीच गळतीची वाट. बहुतेक वेळा तुटलेली जागा काचेच्या साच्याच्या जोडाशी सापडते. काचेची बाटली दोन अर्ध्या साच्यांत घडते आणि त्या जोडाची बारीक रेघ कधीकधी तोंडाच्या कडेवरून जाते. नख फिरवलं की लागते. ती रेघ उंच असेल, तर झाकण कितीही चांगलं असलं तरी तिच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी फट राहते. स्वस्त बाटली घेताना मी रंग नंतर बघेन, आधी वीसेक बाटल्यांच्या तोंडावरून नख फिरवेन.

आता दाबाकडे येऊ. तेल आपोआप बाहेर येत नाही, त्याला कोणीतरी ढकलावं लागतं, आणि ते काम बाटलीतली हवा करते. साताऱ्यात २५ अंशांना भरलेली बाटली मे महिन्यात विदर्भातल्या बंद गाडीत ५० अंशांपर्यंत सहज तापते. तेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०७ टक्के. म्हणजे तीस मिली तेल २५ अंशांच्या फरकात अर्ध्या मिलीने वाढतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाटली गळ्यापर्यंत भरली असेल आणि वर फक्त दीड मिली हवा असेल, तर त्या हवेला आता एकाच मिलीत मावायचं आहे, शिवाय ती स्वतःही तापली आहे. दोन्हींचा गुणाकार केला तर आतला दाब मूळच्या सुमारे १.६ पट होतो. तीच बाटली चार मिली जागा सोडून भरली तर दाब सव्वापटीच्या आसपास राहतो. फुगा थोडा ताणून यातला काही दाब स्वतः सोसतो, तरी फरक मोठाच आहे. भरभरून दिलं म्हणजे गिऱ्हाईक खूश, अशी आपली समजूत असते. इथे ती अंगाशी येते. लेबलवर ३० मिली लिहिलंय तर ३० मिलीच द्यावं, पण बाटली काठोकाठ ३४ मिली मावेल अशी घ्यावी. विक्रेता सांगतो ती क्षमता काठोकाठची आहे की वापरायची, हे आधी विचारून घ्यावं.

उंचीचाही असाच परिणाम होतो, फक्त तिथे बाहेरचा दाब कमी होतो. विमानाच्या मालकक्षात तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो आणि लेहला दोन तृतीयांश. पाण्याचं सीरम असेल तर उन्हात आणखी भर पडते, कारण पाण्याची वाफ स्वतःचा दाब लावते. तेलाला तो त्रास नाही.

झाकण किती घट्ट लावायचं, याला प्रत्येक हाताचं वेगळं उत्तर असतं. सकाळी लावलेली झाकणं आणि संध्याकाळी दमलेल्या हाताने लावलेली झाकणं सारखी नसतात. १८ मिलिमीटरच्या झाकणाला साधारण ०.८ ते १.१ न्यूटन मीटर पीळ पुरतो. तो मोजणारं साधन घेणं परवडत नसेल तर एकाच माणसाने झाकणं लावावीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्यांवर पुन्हा एक हात फिरवावा. हा दुसरा हात महत्त्वाचा आहे. रबर किंवा वॅड पहिल्या काही तासांत दबून बसते आणि झाकणाची पकड बरीच उतरते. दुसऱ्या दिवशी किंचित पीळ दिला की ती परत येते. ज्यांच्याकडे भरल्या दिवशीच पार्सल निघतात त्यांच्याकडे गळतीच्या तक्रारी जास्त का असतात, याचं एक कारण हेच.

श्रिंक स्लीव्हबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. झाकणाभोवती गरम हवेने आवळलेली पारदर्शक पट्टी गळती थांबवत नाही. तेल तिच्या आतून वाट काढतं आणि खालून बाहेर येतं. हादऱ्यांनी झाकण सैल होऊ न देणं आणि बाटली आधी कोणी उघडलेली नाही हे दाखवणं, ही तिची दोन कामं. दोन्ही उपयोगी आहेत, आणि पट्टी स्वस्तही आहे. पण तिच्या भरवशावर वाईट सांधा चालवून घेऊ नये.

मग साताऱ्याच्या या तेलाने काय करावं? पर्याय तीन आहेत. पहिला म्हणजे ड्रॉपर काढून टाकून प्लास्टिकचा आतला प्लग आणि साधं झाकण. सुगंधी तेलांच्या लहान बाटल्यांना असतो तसा हा थेंबाथेंबाने ओतणारा प्लग तोंडात दाबून बसतो आणि वर झाकण, म्हणजे अडथळे दोन. गळती जवळपास थांबते आणि खर्चही कमी होतो. पण बदामासारखं जाडसर तेल त्यातून फार हळू येतं, थंडीत तर गिऱ्हाईक बाटली आपटू लागतं. दुसरा पर्याय लहान पंपाचा. तो एका दाबात ठरावीक मात्रा देतो आणि हाताला स्वच्छ वाटतो. मात्र पंपातल्या वायसरही तेलाला टिकणाऱ्या हव्यात, आणि प्रवासात पंप दाबला जाऊ नये म्हणून क्लिप किंवा घट्ट टोपी लागते. शिवाय तो ड्रॉपरपेक्षा महाग पडतो.

तिसरा पर्याय मला या मालासाठी सगळ्यात पटतो. बाटली वॅड असलेल्या साध्या झाकणाने बंद करून पाठवायची आणि ड्रॉपर बंद पाकिटात शेजारी ठेवायचा. गिऱ्हाईक घरी झाकण काढतं आणि ड्रॉपर लावतं. प्रवासात तेल रबराला शिवतच नाही, आणि तीन सांध्यांऐवजी एकच सांधा सांभाळायचा उरतो. झाकणातली वॅड मात्र तेलाला टिकणारी हवी. साधी पुठ्ठ्याची वॅड तेल शोषते. फोमची वॅड घेतली तरी तिचीही फुग्यासारखीच आठवडाभर बुडवून परीक्षा घ्यावी. या पद्धतीला एक पक्की मर्यादा आहे. तेलात पाणी नाही म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत, आणि म्हणूनच गिऱ्हाईकाच्या हातून ड्रॉपर लावणं चालतं. पाण्याच्या सीरमला हे करू नये. तिथे उघड्या तोंडावरून आणि हाताळलेल्या नळीवरून शिरलेल्या जंतूंचा सगळा भार प्रिझर्वेटिव्हवर पडतो.

झाकणाचे जादा पैसे परवडतात का, ते मांडून बघू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत. समजा शंभरातल्या तीन बाटल्या गळतात. गळलेल्या बाटलीमागे नवी बाटली मालासकट १५० रुपये, परत पाठवायचं कुरिअर ७० रुपये आणि वर कार्टन, खोकं, भरण यांचे ३०, असे २५० रुपये जातात. तीन बाटल्यांचे ७५० झाले. ते शंभरावर वाटले तर प्रत्येक बाटलीवर साडेसात रुपयांचा अदृश्य खर्च बसला. चार रुपयांचं वेगळं झाकण आणि ड्रॉपरच्या पाकिटाचा एक रुपया असे पाच रुपये घालून गळती शंभरात अर्ध्यावर, म्हणजे दोनशेत एकावर आली, तर उरलेल्या गळतीचा भार सव्वा रुपया. एकूण सव्वासहा रुपये, म्हणजे बाटलीमागे सव्वा रुपया वाचलाच. शिवाय तेलकट खोकं बघून जो माणूस तक्रारही न करता पुन्हा कधी मागवत नाही, त्याचा हिशेब यात धरलेलाच नाही.

पण गळती शंभरात तीन आहे हे कळणार कसं? डझनभर बाटल्या तपासून एकही गळली नाही तर लोक निश्चिंत होतात. खरं तर शंभरात तीन गळणाऱ्या लॉटमधून डझनभर बाटल्या उचलल्या तर त्यातली एकही न गळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. शंभर बाटल्या तपासल्या तर ती पाच टक्क्यांवर येते. म्हणून पहिल्यांदा बाटली आणि झाकणाची जोडी ठरवताना शंभर नग घ्यावेत. महागडं तेल वाया घालवायची गरज नाही. त्याच जातीचं स्वस्त वाहक तेल भरावं, कारण पाण्याने केलेल्या चाचणीत रबर सुजत नाही. झाकणं लावून, दुसऱ्या दिवशी पीळ देऊन, बाटल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर आडव्या आणि उलट्या ठेवाव्यात. तीन दिवस घरच्या तपमानाला, मग तीन दिवस ५० अंशांच्या आसपास. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हे सहज जमतं, एरवी तपमान धरून ठेवणारी भट्टी लागते. शंभरातल्या वीस बाटल्या चाचणीआधी आणि नंतर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलाव्यात. टिश्यूवर डाग दिसण्याआधीच काटा गळती सांगतो.

पार्सलची वेगळी परीक्षा घ्यावी. आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतींपैकी सगळ्यात साध्या पद्धतीत हलकं खोकं ७६ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. घरच्या फरशीवर हे करता येतं. दहा आदळणी झाल्यावर काच शाबूत आहे की नाही यापेक्षा झाकण सैल झालंय का ते बघावं. कागदोपत्री अहवाल हवा असेल, मोठ्या दुकानाला माल द्यायचा असेल, तर मुंबईत अंधेरीला असलेली भारतीय पॅकेजिंग संस्था अशा चाचण्या करून देते.

आयुष्याच्या प्रश्नातही हाच सांधा आहे. रोझहिपचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खवट होतं. त्यात असंतृप्त मेदाम्लं फार असतात, जोजोबा त्या मानाने कणखर. बंद बाटलीतल्या चार मिली हवेत ऑक्सिजन एक मिलीपेक्षाही कमी असतो आणि काचेतून आणखी काही आत येत नाही, त्यामुळे झाकण चांगलं असेल तर न उघडलेली बाटली तग धरते. खरी घसरण उघडल्यानंतर सुरू होते. ड्रॉपर काढला की दर वेळी ताजी हवा आत जाते, आणि अर्धी बाटली संपली की उरलेल्या तेलावर जवळपास वीस मिली हवा बसलेली असते. म्हणून फार नाजूक तेलासाठी पंधरा मिलीची बाटली घ्यावी असं माझं मत आहे. तिला दर मिलीमागे पॅकेजिंग महाग पडतं, पण ती महिन्या-दीड महिन्यात संपते. ‘उघडल्यानंतर ६ महिन्यांत वापरा’ असं उघड्या डबीच्या चिन्हासह छापायचं असेल तर तो आकडा आपल्याच तेलावरून काढावा. एक बाटली रोज उघडून दोन थेंब काढायचे आणि दर पंधरवड्याला तिचा वास न उघडलेल्या बाटलीशी ताडून बघायचा. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला की मुदत संपली. त्याच वेळी प्रयोगशाळेतून पेरॉक्साइड मूल्य काढून घेतलं तर नाकाचा अंदाज पक्का होतो.

प्रकाशाचंही तसंच. तपकिरी काच अतिनील आणि निळा प्रकाश बराचसा अडवते. पारदर्शक आणि दुधी काच तसं करत नाही. गडद निळी काच दिसायला सुंदर असते, पण निळा प्रकाश तिच्यातून आरपार जातो. कार्टन सगळाच प्रकाश अडवतं हे खरं, पण घरी पोचल्यावर बाटली कार्टनमध्ये राहत नाही, ती खिडकीजवळच्या आरशापाशी उभी असते.

व्हिटॅमिन सीचं पाण्यातलं सीरम असेल तर ऑक्सिजनचा प्रश्न आणखी तीव्र होतो. ते पिवळं आणि मग तपकिरी होत जातं आणि त्यातला उपयोगी घटक संपत जातो. तिथे ड्रॉपरपेक्षा आतला तळ वर सरकत जाणारा एअरलेस पंप बरा, कारण माल संपतो तशी हवा आत येत नाही. मात्र अशा बाटल्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. ते पाण्याची वाफ चांगली अडवतं, पण ऑक्सिजन हळूहळू आत सोडतं. एअरलेस म्हणजे हवाबंद असं धरून चालू नये. क्रीमचं गणित सोपं आहे. डबी देखणी, पण तिच्यात रोज बोट जातं. ट्यूब साधी दिसते, पण स्वच्छ राहते आणि सहसा गळत नाही. क्रीम नैसर्गिक म्हणून कमी प्रिझर्वेटिव्हवर चालवायचं असेल तर डबीचा मोह सोडलेला बरा.

आता खोकं उघडतानाच्या आनंदाकडे. लहान ब्रँडसाठी तो खरा आहे. माल हातात घेऊन बघायची सोय नसलेल्या गिऱ्हाईकाची ब्रँडशी पहिली भेट तीच असते. पण इथला मोठा खर्च बहुतेकांना खोक्याच्या छपाईत दिसतो आणि तो खोक्याच्या मापात लपलेला असतो. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. २० × १५ × १० चं खोकं घेतलं तर ३००० भागिले ५०००, म्हणजे ०.६ किलो. आतला सगळा माल दीडशे-दोनशे ग्रॅमच असला तरी पार्सल अर्ध्या किलोच्या टप्प्याबाहेर गेलं आणि दर वाढला. १६ × ११ × ७ च्या खोक्याचं आकारमान-वजन पाव किलोच्याही आत येतं. कागदी भुश्शाचं अंथरूण, फिती, मोठी झाकणपेटी हे सगळं दर पार्सलला जादा टप्प्याचं भाडं मागतं, आणि गिऱ्हाईकाकडे ते मिनिटभरात कचऱ्यात जातं.

तेच पैसे मी दोन ठिकाणी घालेन. एक म्हणजे कार्टन. ३०० ते ३५० जीएसएमचा पुठ्ठा, बाटलीभोवती घट्ट बसणारा, आत ड्रॉपरसाठी वेगळा कप्पा असलेला. गिऱ्हाईकाला आधी बाटली आणि मग पाकिटातला ड्रॉपर दिसतो, आणि पहिल्यांदा लावण्याची छोटीशी कृती त्याच्या हातून होते. गळती टाळायला जी मांडणी केली तीच उघडताना छान वाटते. कसं लावायचं ते आतल्या झाकणावर दोन ओळींत छापावं, वेगळं कार्ड नको. दुसरी जागा म्हणजे लेबल. कागदी लेबलवर तेलाचा एक बोटाचा ठसा पडला की ते पारदर्शक होतं आणि महिनाभरात बाटली जुनी दिसते. पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मवर छापून वर लॅमिनेशन केलेलं लेबल शेवटच्या थेंबापर्यंत नवं राहतं. ही बाटली रोज दोनदा बोटांना लागलेल्या तेलासकट हाताळली जाते, त्यामुळे सोनेरी फॉइलपेक्षा लॅमिनेशनचे पैसे आधी खर्च करावेत.

छपाईचा लॉट ठरवताना मोह होतो. पाच हजार कार्टन घेतली की नगाचा दर झपाट्याने उतरतो. पण नियमांप्रमाणे बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत, परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि किंमत हे सगळं लेबलवर लागतं, आणि यांतल्या काही गोष्टी वर्षभरात बदलतात. पहिल्या वर्षात दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यातून माल बनवून घेणारे पुष्कळ जण पुढे कारखाना बदलतात, आणि हजारो कार्टन रद्दीत जातात. म्हणून कार्टनवर न बदलणारा मजकूर छापावा, बाकीसाठी रिकामी चौकट सोडावी आणि ती छोट्या कोडिंग यंत्राने किंवा स्टिकरने भरावी. लॉट वाढवायचाच असेल तर बाटलीचा वाढवावा, तिच्यावर पत्ता नसतो.

आणि बाटलीचा मोठा लॉट घेताना झाकणंही त्याच वेळी, त्याच विक्रेत्याकडून, दहा टक्के जास्त घ्यावीत. वर्षभराने त्याच मापाची नवी झाकणं आली तरी ती वेगळ्या साच्यातली असू शकतात आणि उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. म्हणून नवा लॉट आला की जुन्या बाटल्यांवर नवी झाकणं लावून लिपस्टिकचा ठसा पुन्हा बघायचा. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या तारीख घालून कपाटात ठेवायच्या, एक उभी आणि एक आडवी, दोन्ही तोलून. महिन्यातून एकदा काट्यावर ठेवल्या की आडव्या बाटलीचं वजन उतरायला लागलं आहे की नाही, हे गिऱ्हाईकाचा फोन येण्याआधी आपल्याला कळतं.